मदत हवी आहे: आतड्याचा टीबी की क्रोन्स? बायोप्सी करूनही उत्तर नाही

सातारकर_ताई: धाकटा भाऊ, वय २७. पोटात उजवीकडे खाली कळा, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलंय. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथे कोलोनोस्कोपीत व्रण दिसले. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचे बारीक पुंजके आहेत, पण केसिएशन, म्हणजे त्यांच्या मधला मृत, मऊ पडलेला भाग नाही. टीबीचे जंतू शोधणारी जीनएक्स्पर्ट टेस्ट निगेटिव्ह. डॉक्टर म्हणतात, दोन महिने टीबीची औषधं देऊन पुन्हा कोलोनोस्कोपी करू. नक्की माहीत नसताना इतकी जड औषधं कशी द्यायची?

मिलिंद_के: जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह म्हणजे टीबी नाहीच. माझ्या मेव्हण्याला क्रोन्स आहे, स्टिरॉइडने आठवड्यात फरक पडला. तेच मागा.

डॉ_पोटविकार: मिलिंदजी, क्रोन्स म्हणजे टीबीसारखा जंतूसंसर्ग नव्हे, आतड्याची जुनाट सूज; तिच्यावर स्टिरॉइड चालतं हे खरं. पण आतड्याच्या तुकड्यात जंतू फार थोडे असतात, त्यामुळे जीनएक्स्पर्ट पॉझिटिव्ह आली तर टीबी धरायचा. निगेटिव्ह आली म्हणून तो सुटत नाही. टीबी असताना स्टिरॉइड दिलं तर तो अंगभर पसरू शकतो. म्हणून आपल्याकडे शंका असेल तर टीबीचे उपचार आधी.

ताई, ग्रॅन्युलोमा दोन्हींत होतात. टीबीत ते मोठे, बरेच आणि एकमेकांत मिसळलेले असतात. क्रोन्समध्ये बहुधा लहान, मोजके, सुटे. स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवून नेमकं हेच विचारा. तुकडे कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून तपासायला पाठवले होते का?

हेमा_जोशी: माझंही पोट असंच दुखायचं. आयबीएस निघालं, इसबगोलाने बरं वाटलं.

डॉ_पोटविकार: हेमाताई, आयबीएसमध्ये व्रण होत नाहीत. हे प्रकरण वेगळं आहे.

नाशिकचा_अमोल: माझ्या बाबतीत हेच झालं होतं. टीबीच्या गोळ्यांनी ताप गेला, भूक लागली, घरचे निर्धास्त झाले. पुन्हा दुर्बीण घातली तर व्रण जसेच्या तसे. शेवटी क्रोन्स ठरला. नुसतं बरं वाटण्यावर जाऊ नका, दुसरी कोलोनोस्कोपी टाळू नका.

डॉ_पोटविकार: अमोल म्हणतात ते महत्त्वाचं. टीबी असेल तर दोन-तीन महिन्यांत व्रण भरून येतात, मग सहा महिन्यांचा कोर्स पुरा करायचा. आतडं अरुंद झालं असेल तर तो भाग टीबी बरा होऊनही तसाच राहू शकतो, म्हणून व्रणच पाहायचे. आणि व्रण भरले नाहीत म्हणजे क्रोन्सच, असंही नाही. औषधांना दाद न देणारा टीबीही असू शकतो. कल्चर विचारलं ते त्यासाठीच. औषधं सुरू असताना लिव्हरची तपासणीही होऊ द्या.

सातारकर_ताई: रिपोर्ट पाहिला. सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्येच गेलेत.

डॉ_पोटविकार: मग त्यांवर कल्चर होणार नाही, फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात. कल्चरचा तुकडा सलाइनमध्ये पाठवतात. सीटीत पोटातल्या गाठी मोठ्या आणि मधे मऊ पडलेल्या दिसल्या तर टीबीकडे कल जातो, शिवाय सुईने तिथला नमुनाही घेता येतो. सीटी झालाय का?

सातारकर_ताई: नाही. औषधं सुरू करण्याआधी कल्चरसाठी पुन्हा दुर्बीण घालावी का? तो आत्ताच खूप अशक्त झालाय.

डॉ_पोटविकार: त्याला न तपासता इथून सांगणं बरोबर नाही. सोमवारी डॉक्टरांना आधी सीटीचं विचारा. गाठीतून नमुना मिळाला तर दुर्बीण कदाचित टळेल.