मदत हवी आहे: आंतरिक बलांचा एकूण टॉर्क शून्य होतो, पण नेमका कशामुळे?

भोवरा_२१ (धागाकर्ता)
कणसमूहाचा कोनीय संवेग फक्त बाहेरून येणाऱ्या टॉर्कमुळे बदलतो, याची सिद्धता वाचतोय. मध्येच एक ओळ येते की आंतरिक बलं जोडीजोडीने एकमेकांना खोडतात. रेषीय संवेगाच्या बाबतीत हे लगेच पटतं, कारण F आणि −F ची बेरीज शून्य. पण टॉर्क काढताना प्रत्येक बल वेगवेगळ्या स्थान-सदिशाबरोबर गुणलं जातं. r₁ आणि r₂ एकच नाहीत, तर मग टॉर्क का खोडले जावेत?

सरळरेषा
न्यूटनचा तिसरा नियम. क्रिया-प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध, म्हणून टॉर्कही समान आणि विरुद्ध. यात अडण्यासारखं काय आहे?

भोवरा_२१
अडतंय ते असं. पहिला कण (0, 0) वर, दुसरा (2, 0) वर, अंतरं मीटरमध्ये. दुसऱ्यावर +y दिशेने 3 N, पहिल्यावर −y दिशेने 3 N. तिसरा नियम पाळला गेला. पहिल्या कणाभोवती टॉर्क घेतला तर 2 × 3 = 6 N·m. दुसऱ्याभोवती घेतला तरी 6, तोही त्याच दिशेने. शून्य कुठे आहे?

जडत्व
उदाहरण अगदी मर्मावर बोट ठेवणारं आहे. त्याला बलयुग्म म्हणतात, आणि नुसता "समान व विरुद्ध" एवढाच तिसरा नियम त्याला अडवू शकत नाही. एका जोडीची बेरीज लिहून बघा:

r₁ × F + r₂ × (−F) = (r₁ − r₂) × F

इथे F म्हणजे दुसऱ्यामुळे पहिल्यावर येणारं बल. आरंभबिंदू कुठेही घ्या, फरक फक्त r₁ − r₂ चा उरतो. म्हणून तुमचं उत्तर दोन्हीकडे 6 आलं. हा गुणाकार शून्य व्हायचा तर F ची दिशा r₁ − r₂ ला समांतर हवी, म्हणजे बल दोन कणांना जोडणाऱ्या रेषेवरच असायला हवं. ओढणारं असो वा ढकलणारं, फरक पडत नाही. हे वेगळं गृहीतक आहे. पुष्कळ पुस्तकं ते तिसऱ्या नियमाच्या पोटात घालून मोकळी होतात. दोन स्थिर प्रभारांमधलं बल किंवा गुरुत्वाकर्षण ही अट पाळतं. तुमची जोडी खरी असती आणि बल कायम रेषेला काटकोनात राहिलं असतं, तर ते दोन कण एका दांडीला जोडून नुसते सोडले तरी आपोआप वाढत्या वेगाने फिरत राहिले असते.

चकती_वाला
मग घर्षणाचं काय? माझ्या प्रयोगात एक फिरणारी चकती दुसऱ्या स्थिर चकतीवर, एकाच अक्षावर सोडतात. घर्षण स्पर्शिकेच्या दिशेने लागतं, केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर मुळीच नाही. तरी एकूण कोनीय संवेग टिकतो, हे मोजून पाहिलंय.

जडत्व
तुम्ही केंद्रं धरताय. बल जिथे लागतं ती जागा धरा. घर्षण दोन्ही चकत्यांवर स्पर्शाच्या त्याच ठिकाणी लागतं, म्हणजे r₁ − r₂ तिथेच शून्य. F ची दिशा मग कोणतीही असो.

सरळरेषा
ठीक, म्हणजे बल रेषेवर नसेल तर कोनीय संवेग टिकत नाही, असा नियम धरू या.

जडत्व
उलट बाजूने तसं म्हणता येत नाही. दोन विद्युत द्विध्रुव घ्या: p₁ आरंभबिंदूवर x दिशेला, p₂ त्याच x अक्षावर r अंतरावर, पण y दिशेला रोखलेला. एकमेकांच्या क्षेत्रामुळे p₂ वर 2kp₁p₂/r³ आणि p₁ वर kp₁p₂/r³ इतका टॉर्क येतो, आणि गंमत म्हणजे दोन्ही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. बेरीज 3kp₁p₂/r³. शिवाय p₂ वर +y दिशेने 3kp₁p₂/r⁴ बल लागतं, p₁ वर तेवढंच −y दिशेने. ही बलं रेषेला चक्क काटकोनात आहेत. त्यांचा टॉर्क r × 3kp₁p₂/r⁴, म्हणजे पुन्हा 3kp₁p₂/r³, पण काट्यांच्या उलट दिशेने. एकूण शून्य. द्विध्रुवांऐवजी आतले चार प्रभार सुटे धरले तर प्रत्येक जोडीचं बल रेषेवरच आहे, म्हणून हिशेब जुळतो.

भोवरा_२१
हे लख्ख कळलं. पण वेगाने जाणाऱ्या प्रभारांमधली चुंबकीय बलं? ती तर रेषेवर नसतात.

जडत्व
तिथे समान-विरुद्धसुद्धा टिकत नाही. एक प्रभार दुसऱ्याच्या रोखाने सरळ जातोय आणि दुसरा त्या रेषेला काटकोनात, असं धरा. पहिल्याचं चुंबकीय क्षेत्र त्याच्या स्वतःच्या मार्गरेषेवर शून्य असतं, त्यामुळे दुसऱ्यावर चुंबकीय बल नाही. पहिल्यावर मात्र आहे. क्षेत्राचा स्वतःचा संवेग आणि कोनीय संवेग धरल्याशिवाय ताळा बसत नाही.

क्षितिज_रेघ
मला वाटतं, हे गृहीतक धरायची गरजच नाही. ऊर्जा फक्त कणांमधल्या अंतरांवर अवलंबून असेल, तर सगळी व्यवस्था एकदम फिरवल्याने ती बदलत नाही, आणि त्यातूनच आंतरिक टॉर्क शून्य निघतो.

जडत्व
निघतो, पण "फक्त अंतरांवर" म्हणताना तुम्ही एक गृहीतक धरलंतच की. कोणतं आधी धरायचं, यावर माझं आणि तुमचं जमेलसं दिसत नाही.