फाट्यावर उजवीकडे वळताना

"उजवा इंडिकेटर देऊन मधोमध थांबलो तरी मागचे ट्रकवाले उजवीकडूनच घुसतात, चूक कोणाची?"

चूक त्यांचीच, पण आपल्याकडे दुपदरी रस्त्यावर उजवा इंडिकेटर म्हणजे 'ये, पुढे काढ' अशीही खूण समजतात. म्हणून फाट्याच्या शंभरेक मीटर आधीच इंडिकेटर द्यायचा, आरशात बघत मधल्या रेषेला डावीकडून चिकटायचं आणि ब्रेक हलका दाबत राहायचं. मागचा लाल दिवा दिसला की त्याला कळतं, हा साइड देत नाहीये, वळतोय.

थांबल्यावर मात्र चाकं सरळ ठेवा. माझ्या भावाने कापसाची ट्रॉली जिनिंगला नेताना स्टिअरिंग आधीच उजवीकडे मोडून ठेवलं होतं. मागून पिकअपने ठोकलं आणि ट्रॅक्टर थेट समोरच्या लेनमध्ये ढकलला गेला. नशीब, तेव्हा समोर एक सायकलवालाच होता, तोही लांब. चाकं सरळ असती तर ट्रॅक्टर आपल्याच लेनमध्ये पुढे सरकला असता.

भरलेल्या ट्रॉलीला थांबल्या जागेवरून समोरची लेन पूर्ण सोडायला सहज आठ सेकंद लागतात. ताशी ८० ने येणारी गाडी तेवढ्यात पावणेदोनशे मीटर कापते. म्हणजे ती 'अजून लांब आहे' असं वाटतं तेव्हाच थांबायचं. रात्री एकच दिवा दिसला तर मोटारसायकल समजू नका, एका डोळ्याचे ट्रक कमी नाहीत. आणि मोटारसायकलवर असाल, मागे रांग असेल, तर मधे उभंच राहू नका. डावीकडे मुरमावर उतरा, दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या की ओलांडा.