दुसऱ्या शहरातल्या उमेदवाराला ‘शिफ्ट व्हाल का?’ कसं विचारावं? (मदत हवी आहे)

चाफेकळी
प्रोफाइल अगदी हवं तसं, पण बाई दुसऱ्या शहरात. सोमवारी मेसेज टाकला: “उत्तम संधी आहे. रीलोकेट व्हायची तयारी आहे का? हो/नाही कळवा.” वाचलंय, उत्तर नाही. आज गुरुवार. आता काय लिहू? लवकर सांगा.

उंटावरचा शहाणा
अजिबात शिफ्ट होऊ नका. आधी पगार किती वाढवतात ते बघा.

चाफेकळी
अहो, मी रिक्रूटर आहे!

जुनी खोड
ऑफिसला किती दिवस यायचंय? सामान हलवायचा खर्च कोण देणार?

चाफेकळी
आठवड्यात तीन दिवस. खर्च पॉलिसीत बसतो म्हणे, रक्कम मला माहीत नाही.

जुनी खोड
तुम्हालाच माहीत नाही, तर ती कशाच्या जोरावर हो म्हणणार? बरी नोकरी असलेल्या माणसाला हो/नाही विचारलं की ‘नाही’च सोपं पडतं. आधी मॅनेजरला गाठा. सुरुवातीला घरून चालेल का, खर्च किती देणार, हे पक्कं करा. मग लिहा: “तुमचं अमुक काम पाहून लिहितेय. जागा आमच्या शहरातली आहे, आठवड्यात तीन दिवस ऑफिस. पहिले इतके महिने घरून चालेल, शिफ्टिंगचा इतका खर्च आम्ही देऊ. आत्ताच ठरवायला नको, पंधरा मिनिटं बोलूया का?”

बिनधास्त
एवढं कोण वाचतं? पॅकेजचा आकडा टाका, लगेच उत्तर येईल.

जुनी खोड
उत्तर येईल, माणूस येईलच असं नाही. माझा एक उमेदवार आकडा बघून “हो हो, काही प्रॉब्लेम नाही” म्हणाला. तीन राउंड झाले, ऑफर गेली, तेव्हा कुठे त्याने घरी विषय काढला. नवव्या दिवशी नकार. शिफ्टिंगबद्दल त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता, तिथेच मी ओळखायला हवं होतं. खरंच यायचं असतं तो रुजू व्हायची तारीख, राहायची सोय, सगळं खोदून विचारतो.

नंदिनी_के
फोनवर नवरा काय करतो, मुलं किती, असलं मात्र विचारू नका. मला विचारलं होतं, मी फोन ठेवला. “यायचं ठरलं तर आधी काय काय मार्गी लागायला हवं?” एवढंच विचारा. सांगायचं ते ती सांगेल.

दोन_बॅगा
मला शिफ्टिंगचे पैसे मिळाले होते. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर सगळे परत मागितले! अट ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर. शिवाय सामानवाल्यांनी कपाटाचा आरसा फोडला तो वेगळाच.

जुनी खोड
चाफेकळी, अशी अट तुमच्याकडे असेल तर पहिल्याच फोनवर सांगा.

चाफेकळी
मॅनेजर दोन महिने घरून चालवायला तयार झाला. खर्चाचा आकडा एचआरकडून सोमवारी मिळेल. तोवर थांबू?

बिनधास्त
पाठवा आत्ताच, दुसरं कोणीतरी उचलेल तिला.

जुनी खोड
दोन महिन्यांचं आज कळवा. खर्चाचा आकडा हातात येईपर्यंत त्याबद्दल अवाक्षर नको.

नंदिनी_के
आणि ‘उत्तम संधी’ काढा हो त्यातून.