शब्दचर्चा: ‘व्हर्डिक्ट’ला निवाडा म्हणावे, कौल म्हणावे की कस?

पानगळ
जुनी मराठी पुस्तके टंकून जालावर ठेवणाऱ्या आमच्या गटातील नवख्या स्वयंसेवकांसाठी मी एका माहितीपुस्तिकेचा अनुवाद करीत आहे. आमच्याकडे प्रत्येक पान दोन व्यक्ती स्वतंत्रपणे टंकतात आणि एक छोटा प्रोग्राम दोन्ही मजकूर ताडून त्या पानाविषयी जेसनमध्ये असे उत्तर देतो:

```json
{ "verdict": { "page": 41, "pass": false, "score": 0.98 } }
```

`verdict` ला मी ‘निकाल’ लिहिले. त्यावर एका सहकाऱ्याने हरकत घेतली की ‘पानाचा निकाल लागला’ असे वाचल्यावर पान बाद झाले असेच वाटते. ‘निवाडा’ लिहावा तर दोन पक्षांचे भांडण डोळ्यांसमोर येते. शिवाय वरच्या उदाहरणात मी स्वतःच अडखळले. ०.९८ इतके चांगले गुण असताना `pass` खोटे कसे? या दोन रकान्यांना नेमके शब्द सुचवावेत ही विनंती.

शब्दनिष्ठ
‘निकाल’ला हरकत घेण्याचे कारण नाही. परीक्षेचा निकाल लागतो, खटल्याचा निकाल लागतो, आणि एखाद्या वस्तूचा ‘निकाल लावला’ हा अर्थ क्रियापद बदलल्यामुळे येतो. `pass` साठी ‘उत्तीर्ण’ आणि `score` साठी ‘गुण’ हे रूढ शब्द आहेत. माझे तर मत आहे की रकान्यांची नावेच मराठीत ठेवावीत.

खडूफळा
मी बावीस वर्षे दहावीच्या वर्गांना शिकवले आहे, त्यामुळे मूल्यमापनाविषयी अधिकाराने सांगू शकते. मुलांना नुसते उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण सांगू नये, गुणही सांगावेत. ३४ गुण मिळालेला आणि १२ गुण मिळालेला, दोघेही नापासच, पण पहिल्याला एक आठवड्याची उजळणी पुरते आणि दुसऱ्याला मुळापासून शिकवावे लागते.

पानगळ
बाई, प्रश्न मुलांच्या परीक्षेचा नसून टंकलेल्या पानांचा आहे. परंतु आपले उदाहरण मला उपयोगी पडेल, कारण ०.४० आलेल्या पानावर बहुधा एकाने भलतेच पान टंकलेले असते आणि ०.९४ च्या पानावर फक्त ऱ्हस्व-दीर्घाचे फरक असतात.

शून्यएक
पानगळताई, आधी आपल्या अडखळण्याचे उत्तर देतो, कारण शब्द त्यातूनच निघेल. समजा, ४१व्या पानावर १८०० अक्षरे आहेत आणि दोन टंकलेखनांत ३६ ठिकाणी फरक आहे. ३६ भागिले १८०० म्हणजे ०.०२, म्हणून जुळणी ०.९८. आता त्या छत्तीस फरकांपैकी एक फरक सालाच्या आकड्यात आहे, एकाने १८१८ आणि दुसऱ्याने १८७८ टंकले आहे. आपल्या गटाचा नियम बहुधा असा असेल की आकड्यांत फरक असलेले पान, बाकी कितीही जुळले तरी, माणसाने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. तसे असेल तर `pass` खोटेच असले पाहिजे. सरासरीत एक अंक बुडून जातो, नियमात बुडत नाही.

नवखे लोक इथेच चुकतात. त्यांना वाटते की `pass` म्हणजे `score` चीच संक्षिप्त आवृत्ती, ०.९५ च्या वर असेल तर खरे आणि खाली असेल तर खोटे. तसे असेल तर `pass` ठेवण्याची गरजच कमी उरते. `pass` हा पुढे काय करायचे याचा निर्णय आहे आणि `score` हे मोजमाप आहे.

खडूफळा
हे तर गुणपत्रिकेतही घडते. बाकी विषयांत चांगले गुण असून एका विषयात मूल नापास झाले, तर एकूण टक्के साठ असले तरी निकालाच्या रकान्यात उत्तीर्ण येत नाही. दोन्ही रकाने शेजारी छापलेले असतात आणि पालक नेहमी विचारतात की साठ टक्के असून नापास कसा. म्हणजे माझे उदाहरण अगदीच गैरलागू नव्हते.

माडाच्या सावलीत
मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या किंवा कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि वाट पाहायची. आमच्या देवळात उजवीकडची पडली तर होकार आणि डावीकडची पडली तर नकार. पाऊण होकार असा प्रकार नसतो. `pass` सारख्या खऱ्या-खोट्याच्या रकान्याला ‘कौल’ याहून नेमका शब्द मला दिसत नाही. पुस्तिकेत ‘पानाला कौल मिळाला’ असे लिहिले, तर कोकणातील आणि गोव्यातील वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

शब्दनिष्ठ
‘कौल’ हा मुळात अरबी शब्द असून त्याचा अर्थ बोल किंवा वचन असा आहे. जुन्या कागदपत्रांतील कौलनामा म्हणजे रयतेला दिलेले अभयाचे आणि अटींचे लेखी वचन, त्यात होय-नाहीचा प्रश्न नाही. शिवाय निवडणुकीत ‘मतदारांचा कौल’ म्हणतो, तिथे तर लाखांचे आकडे असतात.

सराफकट्टा
शब्दनिष्ठ, मतदारांचा कौल आकड्यांतून निघतो हे खरे, पण कौल म्हणजे ते आकडे नव्हेत. मते मोजून झाल्यावर कोण आले, ते कौल. मला तर आपला आक्षेप कोकणातील भाऊंच्या बाजूचाच वाटतो.

`score` साठी मात्र ‘गुण’ नको, ‘कस’ घ्यावा. आमच्या पेढीवर वडील सोने कसोटीच्या काळ्या दगडावर घासत, शेजारी माहीत असलेल्या शुद्धतेच्या सुयांच्या रेघा ओढत, तेजाब लावत आणि कोणती रेघ कुठल्या रेघेसारखी टिकते ते पाहून सोने किती टंचाचे आहे ते सांगत. बावीस कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग. हा आकडा सांगणे सराफाचे काम, पण त्या सोन्याचे काय करायचे हे समोरच्याच्या गरजेवर. कोणी त्याच्या बांगड्या करील, कोणी ते आटवून शुद्ध करून घेईल, तर कोणी ते गहाण ठेवून घेईल. प्रत्येकाची खालची मर्यादा वेगळी, कस मात्र एकच.

शून्यएक
सराफकट्टा यांनी या निवडीचा गाभाच सांगितला. आकडा तेव्हा द्यावा, जेव्हा तो वाचणाऱ्यांच्या मर्यादा खरोखर वेगळ्या असतात. पानगळताईंच्या गटात शोधासाठी पान ०.९० ला चालू शकेल आणि छपाईसाठी ०.९९ लागेल. तिथे नुसते `pass` दिले, तर कोणासाठी पास, हा प्रश्न उरतो. उलट पुढे एकच निर्णय व्हायचा असेल आणि आपण फक्त आकडा दिला, तर वाचणारा प्रत्येक जण आपापली मर्यादा लिहितो. एक जण `> 0.95` लिहितो, दुसरा `>= 0.95`, तिसरा शंभरपैकी समजून `> 95` लिहितो आणि त्याच्याकडे एकही पान कधी पास होत नाही. मी काम केलेल्या एका ठिकाणी रात्रीच्या कामात आणि संकेतस्थळावर अशा दोन मर्यादा होत्या, त्यामुळे ठीक ०.९५ आलेली पाने एका यादीत पास आणि दुसऱ्या यादीत नापास दिसत होती.

म्हणून माझा आग्रह असा की निर्णय करायचा असेल तर तो तपासणाऱ्या प्रोग्रामनेच एकदा करावा आणि `pass` म्हणून द्यावा. आकडा सोबत ठेवावा, कारण उद्या मर्यादा ०.९५ वरून ०.९७ केली, तर जुनी पाने पुन्हा न तपासता पुन्हा निवडता येतात. आकड्यांच्या फरकासारखा दुसरा नियमही असेल, तर त्याचाही उल्लेख सोबत हवा, नाहीतर ०.९८ ला नापास पाहून वाचणारा ताईंसारखाच थबकेल. आणि `score` हे नाव फार मोघम आहे. `match_ratio` म्हटले की शून्य ते एक हे माप आपोआप कळते.

तालमीतला
मी नुकतेच प्रोग्रामिंग शिकू लागलो आहे. माझ्या अनुभवाने मी म्हणेन की खरे-खोटे देण्यापेक्षा आकडाच सुरक्षित. मी असे लिहिले होते:

```python
if verdict["pass"]:
    publish(page)
```

आणि आठवडाभर सगळीच पाने प्रसिद्ध होत राहिली. फेरतपासणीच्या यादीत एकही पान आले नाही म्हणून शंका आली. म्हणजे खऱ्या-खोट्यावर विश्वास ठेवता येत नाही.

शून्यएक
दोष खऱ्या-खोट्याचा नसावा. मूळ जेसन उघडून पाहा, तिथे `"pass": "false"` असे अवतरणात तर नाही ना? अवतरणात लिहिलेले `"false"` हे पाच अक्षरांचे शब्दरूप आहे, आणि पायथॉनमध्ये रिकामे नसलेले प्रत्येक शब्दरूप `if` ला खरे वाटते. `print(type(verdict["pass"]))` करा. `<class 'bool'>` आले तर ठीक, `<class 'str'>` आले तर चूक जेसन लिहिणाऱ्याकडे आहे. आकड्यातही हाच सापळा उलट्या दिशेने आहे. `if verdict["score"]:` असे लिहून आकडा आला की नाही हे तपासले, तर खरोखर शून्य मिळालेले पान ‘आकडाच आला नाही’ म्हणून गळते.

तालमीतला
पाहिले. अवतरणातच होते. तरीही मला वाटते की नवख्याने `verdict.pass` लिहिले की पायथॉन अडवते, म्हणून ते नाव वाईटच.

शून्यएक
हे अर्धे बरोबर आहे. `pass` हा पायथॉनचा राखीव शब्द असल्याने टिंब देऊन लिहिता येत नाही, चौकटी कंसात मात्र चालतो. `passed` ठेवले तर ती अडचण राहत नाही.

शब्दनिष्ठ
मग ‘उत्तीर्ण’ का ठेवू नये? जेसनमध्ये देवनागरी नावे चालत नाहीत काय?

शून्यएक
चालतात. पण ‘उत्तीर्ण’ मधला ‘ती’ एकाने दीर्घ आणि दुसऱ्याने ऱ्हस्व लिहिला, तर संगणकाला ती दोन वेगळी नावे दिसतील आणि रकाना सापडणार नाही. मजकुरात आपण म्हणता तो शब्द अवश्य वापरावा.

शब्दनिष्ठ
शुद्धलेखन पाळले जात नाही म्हणून भाषा वगळणे मला मान्य नाही.

पानगळ
मी सध्या `pass` ला ‘कौल’ आणि `score` ला ‘कस’ लिहून पाहिले आहे, आणि वाक्य असे झाले: ‘४१व्या पानाचा कस ०.९८ आला, परंतु सालात फरक असल्याने कौल मिळाला नाही.’ मला ते पटते. पूर्ण `verdict` ला शब्द अजून मिळालेला नाही. आणि एक नवीच अडचण आली. दुसऱ्या व्यक्तीने पान टंकलेच नसेल, तर प्रोग्राम `"pass": false` देतो. ते पान नापास म्हणावे काय?

माडाच्या सावलीत
पाकळी पडलीच नाही, तर आम्ही त्याला नकार म्हणत नाही. कौल झाला नाही असे म्हणतो आणि पुन्हा लावतो.

शून्यएक
तिथे `null` द्यावे, किंवा `pass` रकाना काढून `status` मध्ये तीन शब्द ठेवावेत. मी दुसऱ्या मताचा आहे, कारण पायथॉनमध्ये `null` चे `None` होते आणि `if` त्यालाही खोटेच धरतो.

सराफकट्टा
तीन शब्द आले की उद्या चौथा येईल. मी `null` च्या बाजूने आहे.

शब्दनिष्ठ
आणि `null` ला मराठीत काय म्हणणार? ‘शून्य’ म्हणू नका, ते आत्ताच एका पानाचे गुण म्हणून येऊन गेले आहे.