विवेचक जुळतोय, पण ताळा शून्य येत नाही. कृपया लवकर मदत करा

तिन्हीसांज:
मुलीची वर्गसमीकरणांची वर्कशीट तपासतोय. आधी विवेचक काढून मुळांचं स्वरूप सांगायचं, मग सूत्राने मुळं काढायची आणि शेवटी किंमत ठेवून पडताळा द्यायचा, असे प्रश्न आहेत. चौथ्या गणितात विवेचक 12 आलाय. उत्तरांच्या पानावरही 12 आणि "वास्तव व असमान" दिलंय, म्हणजे तिथपर्यंत ठीक. पण मूळ ठेवलं की 0 ऐवजी 0.0138 येतंय. दुसरं मूळ ठेवलं तरी तेवढंच, 0.0138! तीनदा करून पाहिलं. मुलगी म्हणते सूत्रच चुकीचं छापलंय. चूक कुठे आहे ते सांगा, उद्या सकाळी वही द्यायची आहे.

खडूची_धूळ:
समीकरण काय आहे? आणि मुळं किती आली? तेवढंच लिहायचं राहिलंय तुमचं.

शून्याखाली:
विवेचक ऋण असेल तर वास्तव मुळं नसतात, पण गणित तिथे थांबत नाही. ऋण 1 चं वर्गमूळ i धरा, दोन मुळं मिळतात आणि ताळाही अगदी शून्य येतो. शाळेत हे सांगतच नाहीत. x² + 1 = 0 वर करून पाहा.

तिन्हीसांज:
@शून्याखाली, 12 आहे हो, ऋण कुठे आहे?
@खडूची_धूळ, a = 2, b = 6, c = 3. मुळं −0.63 आणि −2.37.

गणिताची_खोड:
मग काही चुकलेलं नाही. 12 पूर्ण वर्ग नाही, त्यामुळे मुळं करणीत येतात आणि करणीचा ताळा कधीच शून्य येत नाही. मी मुलांना सांगतो, उत्तर 0.05 च्या आत आलं की बरोबर समजा.

खडूची_धूळ:
"कधीच" नाही. करणी तशीच ठेवली तर ताळा चोख शून्य येतो. करणीला दशांशात कापलं म्हणून शेपूट राहतं. आणि तो 0.05 चा नियम धोक्याचा आहे. 4x² − 12x + 9 = 0 घ्या. विवेचक 0, मूळ एकच, 1.5. आता मुद्दाम चुकीचं 1.4 ठेवा: 7.84 − 16.8 + 9 = 0.04. तुमच्या नियमाने 1.4 पास झालं!

गणिताची_खोड:
ते समान मुळांचं झालं. इथे मुळं असमान आहेत, इथे माझा नियम चालतो.

खडूची_धूळ:
इथे बरा चालतो, पण का चालतो ते पाहा. खरं मूळ −0.6340 च्या आसपास आहे, ते −0.63 केलं म्हणजे 0.004 ची चूक. आता विवेचकाचं वर्गमूळ, √12, साधारण 3.46. या दोहोंचा गुणाकार 0.0138. हा योगायोग नाही. मुळाजवळ आलेख जितका उभा, तितकी छोटी चूकही ताळ्यात मोठी दिसते, आणि मुळापाशी तो चढ किती हे √विवेचकच सांगतो. दोन्ही मुळांशी चढ सारखाच, फक्त एकीकडे चढण आणि एकीकडे उतार. दुसऱ्या मुळात चूकही तेवढीच, पण उलट दिशेला, म्हणून दोन्हीकडे 0.0138. विवेचक 0 झाला की आलेख अक्षाला नुसता टेकतो, चढच उरत नाही. मग ताळ्याला चूक दिसत नाही.

तिन्हीसांज:
म्हणजे बरोबर आहे ना? मिटवू का विषय?

सुटे_पैसे:
ताळ्याची एवढी कटकट कशाला? मुळांची बेरीज −b/a आणि गुणाकार c/a येतो का पाहा. −0.63 आणि −2.37 ची बेरीज −3, आणि −6/2 पण −3. गुणाकार 1.4931, म्हणजे 1.5 च्या जवळ. झालं.

जुनी_पाटी:
मी प्रोग्राम लिहून वर्कशीटची उत्तरं तयार करते, तिथे याहून वाईट अनुभव आला. x² − 0.2x + 0.01 = 0 ला मुळं समान आहेत हे उघड आहे, 0.1 आणि 0.1. पण पायथॉनमध्ये हे पाहा:

```
D = 0.2*0.2 - 4*1*0.01
print(D)   # 6.938893903907228e-18
```

शून्यापेक्षा मोठा, म्हणून उत्तरात "असमान" छापून आलं. मुलांनी बरोबर लिहिलेलं मी चूक ठरवलं. आता सगळं समीकरण आधी 100 ने गुणून घेते, पूर्णांक झाले की भानगड मिटते.

खडूची_धूळ:
@तिन्हीसांज, मिटवायच्या आधी एक गोष्ट. तुम्ही a, b, c दिलेत, समीकरण नाही. कागदावर काय छापलंय, अक्षर न अक्षर लिहा.

तिन्हीसांज:
2x² + 3 = 6x

खडूची_धूळ:
वाटलंच. 6x डावीकडे आणलं की −6x. b = −6, 6 नाही.

तिन्हीसांज:
पण मग विवेचक 12 कसा जुळला??

खडूची_धूळ:
b चा वर्ग होतो ना, चिन्ह तिथेच पुसलं जातं. 36 − 24 = 12, b कुठल्याही चिन्हाचा घ्या. विवेचकाला आणि स्वरूपाला ही चूक कळतच नाही. मुळांना कळते: (6 ± √12)/4, म्हणजे (3 ± √3)/2. दोन्ही धन.

ताळ्यानेही पकडायला हवी होती, पण तुम्ही ताळा मांडलात तो तुमच्याच 2x² + 6x + 3 मध्ये. −0.63 छापील समीकरणात ठेवा. डावीकडे 2 × 0.3969 + 3 = 3.7938, उजवीकडे 6 × (−0.63) = −3.78. आकडे जवळपास तेच, चिन्ह उलटं.

करणीसकट करा. x = (3 + √3)/2. वर्ग (12 + 6√3)/4. त्याची दुप्पट 6 + 3√3, त्यात 3 मिळवले की 9 + 3√3. उजवीकडे 6x, तेही 9 + 3√3. शेपूट नाही. उणे करणीचं मूळही असंच.

@सुटे_पैसे, तुमची बेरीज पण चुकीच्याच b वर पास झाली.

सुटे_पैसे:
b चुकीचा दिला तर माझी पद्धत काय करणार? बेरजेचा नियम बरोबरच आहे.

खडूची_धूळ:
नियम बरोबर आहे. पण ज्या b वरून मुळं काढली त्याच b ला विचारलं, तर तो हो म्हणणारच.

गणिताची_खोड:
थोडक्यात, मी जे म्हणालो तेच. 0.0138 हे करणीमुळेच आलं होतं.

तिन्हीसांज:
पहिल्या तीन गणितांत सगळं एकाच बाजूला आणि = 0 असंच छापलं होतं, म्हणून चौथ्याकडे नीट पाहिलंच नाही. मुलीने आता करणी ठेवून केलं, 9 + 3√3 दोन्हीकडे आलं. एक शंका: वर्कशीटमध्ये "उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत" असं म्हटलंय. मग पडताळा करणीत दिला तर गुण कापतील का?

जुनी_पाटी:
मी तपासत असते तर कापले नसते. दशांश उत्तरापुरते, पडताळा करणीत.

गणिताची_खोड:
मी कापले असते. सूचना म्हणजे सूचना. दोन दशांश सांगितलेत तर ताळाही दोन दशांशांतच हवा.

शून्याखाली:
कुणी x² + 1 = 0 करून पाहिलं का?