मदत हवी आहे: उन्हाळ्यात बटरक्रीम फुटतंय

नमस्कार मंडळी. रविवारी पुतणीच्या वाढदिवसाचा केक करायचा आहे आणि स्विस मेरिंग बटरक्रीम फुटतंय. प्रमाण असं: अंड्यांतला पांढरा भाग 120 ग्रॅम, साखर 240, बिनमिठाचं बटर 340.

पांढरा भाग आणि साखर वाफेवर 71 अंशांपर्यंत गरम करते, बोटांत चोळून कण लागत नाही हेही बघते. म्हणजे रवाळपणा साखरेचा नाही. बटर घातलं की दही फाटल्यासारखे दाणे दिसतात आणि तळाशी पाणी सुटतं. हे बटर थंड असल्याचं लक्षण: घट्ट चरबीत मेरिंगमधलं पाणी नीट मिसळत नाही. तेव्हा दोन-तीन चमचे क्रीम वितळवून परत ओतलं आणि फेटत राहिलं की ते जुळून येतं.

अडचण पुढे आहे. आपल्या नागपुरात मे महिन्यात कूलर लावूनही स्वयंपाकघर तापलेलंच असतं. जुळलेलं क्रीम थोड्याच वेळात चकचकीत, पातळ होतं, कारण बटर 32 अंशांच्या आसपास वितळायला लागतं. फ्रिजमध्ये ठेवलं तर कडेचं घट्ट होतं, मधलं सैलच राहतं आणि फेटताना पुन्हा दाणे येतात.

भांडं बर्फाच्या पाण्यावर ठेवून, कडा खरवडत फेटणं जास्त बरं का? आणि थोडं बटर काढून व्हेजिटेबल शॉर्टनिंग घालणाऱ्यांनी कृपया प्रमाण सांगा. चव तुपकट होऊ नये, एवढीच काळजी आहे.