शब्दचर्चा : समासात शेरा काय लिहावा? विषयांतर, अर्थांतर, दिशाभूल?

परिच्छेदवाली : अकरावीचे निबंध तपासतेय. एका मुलाने पहिल्याच ओळीत दावा ठोकलाय : '1961 चा पानशेतचा पूर नुसत्या पावसाने नाही, धरणाच्या अर्धवट बांधकामामुळे आला.' पुढे पाच परिच्छेद. त्यात जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली तो परिच्छेद सगळ्यांत सुरेख उतरलाय, आणि नेमका तोच खटकतोय. 'विषयांतर' लिहिलं तर म्हणेल, मॅडम, विषय पानशेतच आहे की! इंग्रजीत ज्याला रेड हेरिंग म्हणतात, त्याला आपल्याकडे काय म्हणावं?

शाईचा डाग : दिशाभूल. शिकारी कुत्र्यांना चकवायला खारवून धुरी दिलेला मासा वाटेवर आडवा ओढायचे, त्यावरून आलाय तो शब्द.

जुनी पोथी : शिकारीत तशी सर्रास रीत होती असं काही नाही. कुत्र्यांना माशाने चकवल्याची गोष्ट विल्यम कॉबेटने 1807 मध्ये वर्तमानपत्रांना टोमणा म्हणून लिहिली आणि ती लोकांच्या डोक्यात बसली. शिवाय 'दिशाभूल' म्हटलं की लबाडी आली. मूळ मुद्द्याला बगल देणारा पुढारी वेगळा आणि रंगात येऊन वाहवत गेलेला हा मुलगा वेगळा.

न्यायसूत्रं म्हणजे तर्कशास्त्रावरचा जुना संस्कृत ग्रंथ. त्यात बावीस निग्रहस्थानं आहेत, म्हणजे वादात माणूस हरला असं कुठे समजायचं त्या जागा. त्यातलं एक 'अर्थांतर'. त्या सूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने उदाहरण झकास दिलंय. वादी म्हणतो, शब्द नित्य आहे, कारण त्याला स्पर्श नाही, हा माझा हेतू. आणि पुढे सुरूच होतो : 'हेतू' हे पद 'हि' धातूला 'तुन्' प्रत्यय लागून होतं, पदाचे प्रकार असे नि असे... व्याकरण बरोबर, पण शब्द नित्य की अनित्य ते जागच्या जागी. तुमच्या पोत्यांचं तेच झालंय.

नारायण पेठ : माफ करा, पण 12 जुलैला आमच्या आजीचा वाडा पडलाय. जवानांनी जिवावर उदार होऊन केलेलं काम तुम्हाला फालतू वाटतं?

जुनी पोथी : फालतू कोण म्हणतंय, काका? प्रश्न एवढाच, की त्याने दावा पुढे सरकतो का. मी परिच्छेद उलटा करून बघतो. समजा, जवान आलेच नसते. पुराचं कारण बदललं असतं? नाही. आता दुसरा परिच्छेद घ्या : पाणी सोडायच्या बोगद्याच्या काँक्रीटमध्ये सळ्या नव्हत्या, दरवाजाची यंत्रणाही पुरी बसली नव्हती. समजा, हे सगळं वेळेत आणि धड झालं होतं. मग दावाच कोसळतो. म्हणजे भार त्या परिच्छेदावर आहे.

पण ताई, पोत्यांचा परिच्छेद सरसकट काट मारू नका. पोती का लागली? बोगद्यावरचा मातीचा बांध खचत चालला होता म्हणून. हे एक वाक्य दाव्याच्या कामाचं आहे. ते उचलून दुसऱ्या परिच्छेदात न्यायला सांगा.

शाईचा डाग : मग पावसाचाही काढा. 'त्या आठवड्यात धो धो पाऊस होता' हे तर दाव्याच्या उलटच जातं.

जुनी पोथी : उलट जातं म्हणूनच ठेवायचं! विरोधी असणं वेगळं, असंबद्ध असणं वेगळं. वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका पावसाचीच येणार. मुलाने तिथे उत्तर द्यायला हवं, की काम अपुरं असताना धरणात एवढं पाणी साठू का दिलं? नुसतं पावसाचं वर्णन करून तो पुढे गेला असेल, तर तिथे त्याला जरूर धरा.

परिच्छेदवाली : वर्णनच आहे. आणि पहिला परिच्छेद? पानशेत आंबी नदीवर, लोंढा खडकवासल्यावर आला, तेही धरण गेलं, मग मुठेतून पाणी पुणे शहरात. तुमच्या उलट्या कसोटीला हा उतरत नाही. तरी तो काढला तर बाहेरगावच्या वाचकाला काही कळायचं नाही.

जुनी पोथी : खरंय, कसोटी तिथे तोकडी पडते. पार्श्वभूमीला तीन ओळींची मुभा द्या. त्याने पान भरलंय का?

परिच्छेदवाली : दीड पान! नमनाला घडाभर तेल. पण शेऱ्याचं काय? 'अर्थांतर' लिहिलं तर त्याला वाटेल, शब्दाचा अर्थ चुकला.

शाईचा डाग : 'भरकटलास' लिहा. मी अजूनही 'दिशाभूल'वर ठाम आहे. हेतू असो नसो, वाचणारा चकतोच ना?

नारायण पेठ : शेरा काहीही लिहा. पण पोत्यांचं त्या पोराने लिहायचं तरी कुठे?

जुनी पोथी : वेगळ्या निबंधात, काका. दावा असा घ्यायचा : 'पोत्यांमुळे धरण रात्री न फुटता सकाळी फुटलं, म्हणून पुष्कळ जीव वाचले.' तिथे तोच परिच्छेद मधोमध येईल आणि सळ्यांचं दोन ओळींत आटपेल. तुमच्या आजी सकाळी वाड्यातून वेळेत बाहेर पडल्या होत्या का?

नारायण पेठ : हो. नेसत्या लुगड्यानिशी.